ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास मिळतो: क्रिकेट, फुटबॉल, रेसिंगमध्ये काय खेळावं?

प्रश्न: रात्री जेवणाआधी अर्धा तास मिळतो. क्रिकेट, फुटबॉल, रेसिंग तिन्ही आवडतं, पण करिअर मोड, ट्रेनिंग, संघाची आखणी यातलं काही नको. उघडलं, खेळलं, बंद केलं असं हवं. लॅपटॉप जुना आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अँड्रॉइड फोन ठीकठाक आहे. रविवारी पुतण्या येतो, तेव्हा दोघांना मिळून खेळता आलं तर उत्तम. काय घेऊ?

उत्तर:

मी बरीच वर्षं गेमिंग कॅफे चालवतोय. आमच्याकडे दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. कॉलेजची मुलं तीन-चार तास ठाण मांडून बसतात, आणि ऑफिस सुटल्यावर घरी जाता जाता येणारी माणसं अर्ध्या तासाचे पैसे देऊन बसतात. या दुसऱ्या मंडळींना काय लावून द्यायचं हे ठरवताना मी ग्राफिक्स किंवा कुठल्या खेळाडूंचे चेहरे आहेत हे बघत नाही. खुर्चीत बसल्यापासून पहिला चेंडू खेळेपर्यंत किती वेळ जातो, एका वेळी किती बटणं सांभाळावी लागतात आणि चूक झाली की पुन्हा सुरुवात करायला किती वेळ लागतो, एवढंच बघतो.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नवखा माणूस चुकणारच. चुकल्यावर दोन-तीन सेकंदांत पुन्हा तोच चेंडू, तेच वळण समोर आलं तर काय चुकलं ते डोक्यात ताजं असतं आणि पुढच्या खेपेला हात आपोआप सुधारतो. मध्ये रिप्ले, आकडेवारी, मेन्यू आणि लोडिंग आलं की तोवर ते निसटून जातं. मग माणूस अर्धा तास खेळूनही तिथंच राहतो आणि म्हणतो, हे आपल्याला जमणारं नाही.

आता क्रिकेट, कारण घोळ सगळ्यात जास्त तिथंच होतो. साधा हिशोब करा. पाच षटकांचा सामना म्हणजे दोन्ही डाव मिळून 60 चेंडू. बिग अँट स्टुडिओच्या 'क्रिकेट 24'सारख्या गेममध्ये धाव घेणं, चेंडू परत येणं, गोलंदाजाचं रनअपकडे जाणं हे सगळं धरून एका चेंडूला अर्धा मिनिट धरलं, तरी तुमचा अर्धा तास तिथंच संपला. त्यातले निम्मे चेंडू तुम्ही टाकणार. शिवाय फलंदाजी करताना एका हाताने पाय कुठं टाकायचा ते, दुसऱ्या हाताने फटक्याची दिशा, आणि वरच्या बटणांनी फटका उचलून मारायचा की जमिनीलगत ते, असं सगळं चेंडू टप्पा पडायच्या आत ठरवावं लागतं. ज्यांना कसोटीची मजा घ्यायची आहे त्यांच्यासाठी तो गेम खरोखर चांगला आहे. पण तुमच्या लॅपटॉपवर तो चालणार नाही, आणि चालला असता तरी मी तुम्हाला तो सुचवला नसता.

झटपट क्रिकेट गेम बनवणाऱ्यांनी यावर एक नामी तोडगा काढला आहे: अर्धं क्रिकेट कापून टाकायचं. गोलंदाजी नाही, क्षेत्ररक्षण नाही, फक्त फलंदाजी. 'स्टिक क्रिकेट' हा याचा उत्तम नमुना. पूर्वी तो ब्राउझरमध्ये फ्लॅशवर चालायचा. 2020 च्या शेवटी फ्लॅशच बंद झालं, आता तो फोनवर खेळायचा. बटणं जेमतेम दोन, एक लेगला मारायला आणि एक ऑफला. चेंडूची लाइन बघून बाजू निवडायची आणि योग्य क्षणी दाबायचं. बाकी पाय, बॅट, उंची गेम बघून घेतो.

हे ऐकायला पोरखेळ वाटतं, पण खरी फलंदाजी यात शिल्लक आहे: लाइन ओळखणं आणि टायमिंग. ऑफस्टंपच्या बाहेरचा चेंडू लेगला ओढायला गेलात की बाद होण्याची शक्यता वाढते, अगदी मैदानावर होतं तसंच. नवीन माणूस नेमका कुठं अडकतो तेही सांगतो. वेगवान गोलंदाजाला दोन षटकं चोपून काढतो, मग फिरकीपटू येतो आणि हा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत. बोट वेगाच्या तालावर बसलेलं असतं, चेंडू सावकाश येतो आणि बटण आधीच दाबलं जातं. फिरकी आली की गोलंदाजाच्या हाताकडे बघणं सोडा आणि टप्पा पडेपर्यंत बोट उचलूनच ठेवा. एवढ्या एका सवयीने धावा वाढतात.

याहून साधं काही हवं असेल तर गूगलचा क्रिकेट डूडल आहे. 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या वेळी आलेला, रातकिडे फलंदाजी करतात आणि गोगलगायी क्षेत्ररक्षण करतात तो. त्यात बटण एकच, दिशासुद्धा निवडायची नाही. चेंडू चुकला, यष्टी उडाली, डाव खलास, पुन्हा सुरू. गूगलच्या डूडल संग्रहात तो अजून आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये आरामात चालतो. चहा उकळेपर्यंतचा खेळ आहे, पण तेवढ्यापुरता झकास.

आणि टीव्हीवर दिसतं तसं मैदान, प्रेक्षक, समालोचन हवंच असेल, तर फोनवर चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा 'वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप' किंवा नॉटिलस मोबाइलचा 'रिअल क्रिकेट' घ्या. मात्र उघडल्यावर समोर दिसणाऱ्या स्पर्धा, लिलाव, बक्षिसांच्या पेट्या यांच्या नादी लागू नका. सरळ क्विक मॅच उघडा, षटकं दोन ठेवा, काठिण्य सगळ्यात खालचं ठेवा. दोन षटकं म्हणजे दोन्ही डावांचे मिळून 24 चेंडू. प्रत्येक चेंडूनंतरचा रिप्ले पडद्यावर बोट टेकवून पुढे ढकलत गेलात तर सामना दहा मिनिटांच्या आसपास आटोपतो.

'क्रिकेट 07' हाही सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो जुन्या लॅपटॉपवर उत्तम चालतो आणि आमच्याकडे येणारी तिशीतली मंडळी अजून त्याची आठवण काढतात. पण तो आता अधिकृतपणे विकत मिळत नाही. फुकट म्हणून ज्या फाइली फिरतात, त्यांत गेमसोबत आणखी काय येतं याची खात्री कुणी देऊ शकत नाही. ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचं काम करत असाल, त्यावर ती फाइल टाकू नका, असंच मी सांगेन.

फुटबॉलची अडचण वेगळी आहे. क्रिकेटमध्ये एका वेळी एक चेंडू, एक फलंदाज. फुटबॉलमध्ये आपल्या बाजूचे अकरा, आणि त्यातला एकच आपल्या हातात. चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा नवख्याचं बरं चालतं. चेंडू गेला की योग्य बचावपटू निवडायचं बटण, पळायचं बटण, अडवायचं बटण यांत तो गोंधळतो आणि गोल खातो. कॅफेत पहिल्यांदा 'फिफा' खेळणारा माणूस जवळपास दर वेळी असाच हरताना मी बघितला आहे. अशांना मी सेटिंगमध्ये टू-बटन कंट्रोल लावून देतो, म्हणजे एक पास आणि एक शॉट. 'फिफा 19'पासून हाउस रूल्स नावाचा प्रकारही आहे. त्यात नो रूल्स निवडलं की फाउल नाही, ऑफसाइड नाही. दोन मित्र शेजारी बसले असतील तर याच्याइतकी मजा क्वचितच येते. पण त्यासाठी कन्सोल किंवा बऱ्यापैकी पीसी लागतो, तुमच्याकडे तो नाही.

तुमच्या लॅपटॉपसाठी माझं पहिलं नाव 'हॅक्सबॉल'. ब्राउझरमध्ये उघडतो, इन्स्टॉल काही नाही, खातंही काढावं लागत नाही, टोपणनाव टाकलं की झालं. वरून दिसणारं मैदान, खेळाडू म्हणजे गोल चकत्या, चेंडू म्हणजे छोटी चकती. बाणांच्या कळांनी पळायचं आणि एका कळीने किक मारायची. ऑफसाइड नाही, फाउल नाही, थ्रो-इनसुद्धा नाही. साध्या मैदानावर चेंडू कडेच्या रेषेला आपटून परत आत येतो, त्यामुळे खेळ थांबतच नाही. सामना किती मिनिटांचा आणि किती गोलांचा हे रूम उघडणारा ठरवतो.

यात फटक्याला दिशेचं वेगळं बटण नाही. तुमच्या चकतीपासून चेंडूकडे जी रेषा जाते, त्याच रेषेत चेंडू पुढे सुटतो. म्हणजे गोलात मारायचा असेल तर आधी चेंडूच्या मागे, गोलच्या बरोबर विरुद्ध अंगाला जाऊन उभं राहायचं आणि मग किक मारायची. नवीन माणूस सरळ चेंडूवर धावतो, समोरून किक मारतो आणि चेंडू स्वतःच्याच गोलकडे पाठवतो. चेंडूला वळसा घालून मागे जायची सवय लागली की संध्याकाळभरात खेळ हातात बसतो. आणि गर्दीच्या रूममध्ये सगळे चेंडूमागे धावत असतील तर तुम्ही धावू नका. चेंडू आणि आपला गोल यांच्या मधोमध थांबा. सुटलेला प्रत्येक चेंडू तुमच्याकडेच येईल.

एक मर्यादा आहे. हॅक्सबॉलची रूम कुणा तरी खेळाडूच्याच ब्राउझरवर चालते. तो दूर युरोपात किंवा दक्षिण अमेरिकेत असला की चेंडू तुमच्या पायाजवळून झटक्याने पलीकडे उडी मारतो, आणि किक मारली तरी लागत नाही. असं दिसलं की आपलं चुकतंय असं समजून झगडत बसू नका, बाहेर पडा आणि रूमच्या यादीत अंतराचा आकडा बघून जवळची रूम निवडा. ओळखीचे तिघं-चौघं असतील तर स्वतः रूम उघडून लिंक पाठवणं सगळ्यात चांगलं.

'रॉकेट लीग' हे नाव तुम्ही ऐकलं असेल: गाड्यांनी खेळायचं फुटबॉल, सामना पाच मिनिटांचा, 2020 पासून फुकट. गेम म्हणून मला तो फार आवडतो, पण जुन्या लॅपटॉपवर तो अडखळत चालेल. पुढे कधी चांगल्या पीसीवर मिळाला, तर गाडी हवेत उडवून गोल करणाऱ्यांचे व्हिडिओ बघून सुरुवात करू नका. कॅमेरा चेंडूकडे वळवणारं बटण, म्हणजे कीबोर्डवर स्पेस, कधी वापरायचं आणि कधी सोडायचं एवढंच आधी शिका. फोनवरच्या मोठ्या फुटबॉल गेमांबद्दल मी फार उत्साही नाही. काचेवरच्या बटणांवर बोट घसरतं आणि खेळापेक्षा खेळाडूंची कार्डं जमवण्यात वेळ जातो. फोनवरच हवं असेल तर न्यू स्टार गेम्सचा 'रेट्रो गोल' बघा. त्यात चढाईचे मोक्याचे क्षणच तुमच्या हातात येतात आणि बोट ओढून पास किंवा शॉट द्यायचा असतो. क्रिकेटमध्ये फक्त फलंदाजी ठेवली, तसाच हा विचार.

आता रेसिंग. इथं तुमचं नशीब जोरावर आहे, कारण तुमच्या लॅपटॉपला साजेसे दोन फार चांगले गेम आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

पहिला 'ट्रॅकमॅनिया नेशन्स फॉरएव्हर', 2008 चा. स्टीमवर मिळतो. गॅरेज नाही, गाडी विकत घ्यायची नाही, इंजिन सुधारायचं नाही. सगळ्यांना एकच गाडी आणि बाणांच्या चार कळा. बहुतेक ट्रॅक मिनिटभराच्या आत संपतात, आणि चूक झाली की एक कळ दाबताच गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभी. लोडिंग नाही, 'पुन्हा खेळायचं का' असा प्रश्न नाही. मी सुरुवातीला म्हटलं ना, चुकीनंतरचा वेळ बघा. या बाबतीत याच्या तोडीचा रेसिंग गेम मला अजून सापडलेला नाही.

पहिल्या संध्याकाळी सोलो उघडून `A01-Race` हा ट्रॅक घ्या. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरचा आहे. पहिल्या फेरीत नुसते पोहोचा, वेळ बघू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लक्षात येईल की गाडी वळणावर डावी-उजवी लडबडते आहे. याचं कारण कीबोर्ड. बाणाची कळ दाबली की स्टिअरिंग पूर्ण वळतं, अर्धं वळणं तिला माहीतच नाही. म्हणून कळ दाबून धरायची नाही, टक-टक अशा छोट्या ठोक्यांनी वळायचं. ब्रेक या सुरुवातीच्या ट्रॅकवर जवळजवळ लागतच नाही. वळणाच्या आधीच बाहेरच्या कडेला जाऊन आतल्या कडेला चिकटून निघालात तर वेग टिकतो. कांस्यपदक लगेच मिळेल. मग रौप्यपदकाची पाठ धरा. पदकाच्या वेळेत धावणारी पारदर्शक गाडी तुमच्याबरोबर पळते. ती नेमकी कुठल्या वळणावर तुमच्या पुढे निघते तेवढंच बघा आणि फक्त तेवढं वळण सुधारा.

या गेमची मला सगळ्यात भावणारी गोष्ट म्हणजे त्यात नशिबाचा भाग नाही. त्याच क्षणी तीच कळ दाबली तर गाडी दर वेळी तशीच जाते. दुसऱ्या गाड्या तुम्हाला धडकत नाहीत, कुणी मागून धक्का देत नाही. अर्ध्या तासात दोन सेकंद कमी झाले तर ते शंभर टक्के तुमचे. दिवसभर थकून आलेल्या माणसाला यातून जे समाधान मिळतं ते मी आमच्या खुर्च्यांवर रोज बघतो.

दुसरा 'सुपरटक्सकार्ट', आणि हा खास तुमच्या पुतण्यासाठी. मुक्त स्रोत आहे, त्यामुळे जाहिराती नाहीत, काही विकत घ्यायचा आग्रह नाही. छोट्या गाड्या, रस्त्यात पडलेल्या भेटपेट्या, त्यांतून मिळणारी हत्यारं, टाळायची केळी. एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांना खेळता येतं. लॅपटॉप अडखळायला लागला तर पर्यायांमध्ये ग्राफिक्सची पातळी सगळ्यात खाली आणा, खेळ तसाच राहतो, फक्त सावल्या आणि चमक कमी होते. काठिण्य पहिल्या दिवशी सगळ्यात सोपं ठेवा आणि फेऱ्या तीनऐवजी दोन करा, म्हणजे हरणारा कंटाळायच्या आत शर्यत संपते.

दोघं एकाच कीबोर्डवर खेळणार असाल तर कंट्रोलच्या पर्यायात दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळ्या कळांचा एक नवा संच जोडावा लागतो. नाही जोडला तर दुसरा खेळाडू सामील करताच येत नाही. माझ्या मते तुम्ही बाण ठेवा आणि पुतण्याला डावीकडची `W A S D` द्या.

इथं एक अडचण येईल, ती आधीच सांगून ठेवतो. शर्यत रंगात आली की एकदम एका खेळाडूची गाडी वळणार नाही, आणि 'माझी कळ चालत नाही' अशी तक्रार सुरू होईल. लॅपटॉप बिघडलेला नसतो. लॅपटॉपचे साधे कीबोर्ड एका वेळी दाबलेल्या ठराविकच कळा ओळखतात, आणि दोघांनी मिळून चार-पाच दाबल्या की त्यातली एखादी सरळ गाळली जाते. खात्री करायची असेल तर एखादं नोटपॅड उघडा, दोघांनी आपापल्या कळा एकत्र दाबून धरा आणि कुठलं अक्षर उमटत नाही ते बघा. बाण तिथं उमटणार नाहीत, म्हणून तुम्ही आधी तुमचे बाण दाबून धरा आणि मग पुतण्याला त्याची अक्षरं दाबायला सांगा. एखादी जोडी सारखी गळत असेल तर कळ बदलून बघा. तरीही त्रास झाला तर यूएसबीचा एक साधा गेमपॅड आणून पुतण्याला द्या. पॅड कीबोर्डच्या वाटेत येत नाही, त्यामुळे हा प्रश्न मुळातच मिटतो. महागडा घेऊ नका, या गेमला तो लागत नाही.

याच सुपरटक्सकार्टमध्ये सॉकर नावाचाही एक प्रकार आहे. त्याच गाड्यांनी मोठा चेंडू ढकलून गोल करायचा, एक लाल संघात, एक निळ्या. रॉकेट लीगची हौस तुमच्या लॅपटॉपवर यानेच भागेल. हॅक्सबॉलला दोघांना दोन संगणक लागतात, इथं एकात काम होतं. म्हणून रविवारचं फुटबॉल इथंच खेळा.

फोनवरच्या रेसिंगबद्दल थोडक्यात. 'हिल क्लाइंब रेसिंग' घ्या: दोन पेडल, इंटरनेट नको, गाडी उलटली की पुन्हा सुरू. 'अॅस्फाल्ट'ही दिसायला जबरदस्त आहे आणि त्यातल्या टचड्राइव्हमुळे गाडी स्वतः वळते, तुम्ही फक्त नायट्रो आणि रस्त्याचा फाटा निवडायचा. पहिले काही दिवस तो खूप गोड वाटेल. पुढे शर्यतींसाठी वरच्या दर्जाच्या गाड्या लागायला लागतात, त्या मिळवायला तुकडे जमवावे लागतात, आणि चांगल्या गाडीतलं इंधन संपलं की ते भरेपर्यंत थांबावं लागतं. तुमच्या अर्ध्या तासाचा काही भाग थांबण्यात जायला लागला, की तो फोनमधून काढून टाका आणि जागा मोकळी करा.

तेव्हा आज रात्री फोनवर स्टिक क्रिकेट टाका आणि लॅपटॉपवर ट्रॅकमॅनिया डाउनलोडला लावा. सुपरटक्सकार्ट शनिवारीच उतरवून ठेवा आणि दुसऱ्या खेळाडूच्या कळा तेव्हाच लावून एकदा तपासून घ्या, कारण पुतण्या शेजारी बसलेला असताना पर्यायांच्या यादीत शोधाशोध करायला कुणालाच धीर नसतो. `A01-Race` मध्ये रौप्यवर अडकलात तर कुठल्या वळणावर वेळ जातोय ते इथंच लिहा, मी बघून सांगतो.